न्यायालयीन तडजोडपत्राचे मुद्रितशोधन : पक्षकारांचे वर्णन, अटींचे क्रमांक आणि टंकदोष

प्रस्तावना

दिवाणी दाव्यातील पक्षकार आपसांत समझोता करून त्याच्या अटी लेखी स्वरूपात न्यायालयात दाखल करतात, तेव्हा त्या लेखास तडजोडपत्र, तडजोडनामा किंवा तडजोड पुरसीस असे म्हणतात. मराठवाड्यातील जुन्या, निजामकालीन कागदपत्रांत याच अर्थाने ‘राजीनामा’ हा शब्दही येतो. पदत्यागाशी त्याचा संबंध नाही. ‘राजीखुशीने लिहून दिलेला लेख’ एवढाच त्याचा अर्थ आहे. प्रस्तुत लेखात अशा तडजोडपत्राच्या मुद्रितशोधनाचा विचार केला आहे. तडजोड न्याय्य आहे किंवा नाही हा या लेखाचा विषय नाही. पक्षकारांत जे ठरले तेच कागदावर उतरले आहे की नाही, आणि ते तसे उतरले नसल्यास ते स्वाक्षरीपूर्वी कसे ओळखावे, एवढाच मर्यादित प्रश्न येथे घेतला आहे.

ग्रंथाच्या मुद्रितशोधनात राहिलेली चूक पुढील आवृत्तीत सुधारता येते आणि सुजाण वाचक ती मनातल्या मनात दुरुस्तही करून घेतो. तडजोडपत्राची गोष्ट निराळी आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ च्या आदेश २३ नियम ३ प्रमाणे तडजोड कायदेशीर असल्याबद्दल न्यायालयाची खात्री झाली की ती अभिलेखावर घेतली जाते आणि तिच्यानुसार हुकूमनामा काढला जातो. तडजोडपत्र हे हुकूमनाम्याचा भाग समजावे, असा आदेश सामान्यतः होतो. याचाच अर्थ असा की, टंकलेखकाच्या हातून पडलेला अंक दुसऱ्या दिवशी न्यायालयाचा आदेश झालेला असतो. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर संहितेच्या कलम ९६(३) प्रमाणे अपील चालत नाही. तडजोड कायदेशीर नव्हती या कारणास्तव नवा दावा लावण्यास आदेश २३ नियम ३-अ ने मनाई केली आहे. तडजोड नोंदविणाऱ्या न्यायालयाकडेच जाऊन तडजोड झालीच नव्हती किंवा ती कायदेशीर नव्हती हे दाखवून देणे, एवढाच मार्ग उरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने पुष्पादेवी भगत प्रकरणात २००६ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून या कागदाचे वाचन स्वाक्षरीपूर्वी होणे आवश्यक ठरते.

आदेश २३ नियम ३ मध्ये १९७६ च्या दुरुस्ती अधिनियमाने ‘लेखी व पक्षकारांनी स्वाक्षरी केलेली’ हे शब्द घालण्यात आले. त्यामुळे मुद्रितशोधकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा क्षण निश्चित होतो. स्वाक्षरी होईपर्यंत कागद हा मसुदा असतो व त्यात कितीही बदल विनासायास करता येतात. स्वाक्षरी झाल्यावर प्रत्येक बदलास सर्वांची संमती लागते. आदेश झाल्यावर बदलासाठी अर्ज लागतो, आणि तो मंजूर होईलच असे नाही.

नमुना प्रकरण

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक पण नेहमीच्या धाटणीचे प्रकरण घेऊ. लातूर तालुक्यातील मौजे मुरुड येथील शेतजमिनीच्या वाटणीचा दावा लातूरच्या दिवाणी न्यायालयात चालू आहे. वादी ही विवाहित बहीण आहे. प्रतिवादी क्रमांक १ तिचा थोरला भाऊ, तर प्रतिवादी क्रमांक २ धाकटा भाऊ. दावा चालू असताना धाकटा भाऊ मरण पावला व त्याचे वारस म्हणून त्याची पत्नी प्रतिवादी २-अ आणि अज्ञान मुलगा प्रतिवादी २-ब यांची नावे दाखल झाली. प्रतिवादी क्रमांक ३ ही कर्ज देणारी एक सहकारी संस्था आहे. तिच्या कर्जाचा बोजा सातबाराच्या इतर हक्कांत नोंदलेला आहे.

वादमिळकत एकच आहे : गट क्रमांक ११९, क्षेत्र ३ हेक्टर २४ आर. वाटाघाटीनंतर ठरले ते असे. बहिणीने ८१ आर, थोरल्या भावाने १ हेक्टर २१ आर आणि धाकट्या भावाच्या वारसांनी १ हेक्टर २२ आर घ्यावे. बहिणीने जमीन कमी घेतली म्हणून थोरल्या भावाने तिला ४ लाख रुपये दोन हप्त्यांत द्यावेत. हप्ता थकल्यास व्याज चालू व्हावे आणि त्या रकमेचा बोजा थोरल्या भावाच्या हिश्श्यावर राहावा. संस्थेच्या कर्जाचा बोजा आहे तसा कायम राहावा.

मसुदा संगणकावर तयार झाला तो एका जुन्या तडजोडपत्राच्या प्रतीवरून. या पद्धतीत वेळ वाचतो, परंतु जुन्या प्रकरणातील शब्द नव्या प्रकरणात शिल्लक राहण्याचा धोका असतो. आपल्या नमुन्याच्या मसुद्यात एकूण चार दोष राहिले आहेत असे समजू. चारही दोष सहज वाचनात निसटणारे आहेत, कारण त्यांपैकी एकही शुद्धलेखनाची चूक नाही. प्रत्येक शब्द शुद्ध आहे आणि प्रत्येक वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे.

पक्षकारांचे वर्णन

पहिला दोष पक्षकारांच्या क्रमांकात आहे. टंकलेखकाने शीर्षकात थोरला भाऊ १, विधवा २ व अज्ञान मुलगा ३ असे सरळ क्रमांक घातले आणि संस्थेस ४ क्रमांक दिला. त्यामुळे चौथ्या अटीत ‘प्रतिवादी क्र. २ व ३ यांच्या हिश्श्यास १ हेक्टर २२ आर जमीन देण्यात येते’ असे वाक्य तयार झाले. तडजोडपत्र स्वतंत्रपणे वाचले तर त्यात विसंगती दिसत नाही. परंतु दाव्याच्या अभिलेखात प्रतिवादी क्रमांक २ म्हणजे मयत भाऊ आणि क्रमांक ३ म्हणजे संस्था. न्यायालयाच्या कार्यालयात हुकूमनामा तयार होतो तो अभिलेखातील शीर्षक घेऊन. त्या शीर्षकाखाली हेच वाक्य ठेवले की जमीन एका मृत व्यक्तीस व एका कर्ज देणाऱ्या संस्थेस मिळाल्याचे दिसते, आणि खऱ्या वारसांचा उल्लेखच राहत नाही.

यावर उपाय म्हणजे तडजोडपत्राचे शीर्षक त्याच्याच मजकुराशी ताडून न पाहता वादपत्राच्या अद्ययावत शीर्षकाशी ताडून पाहणे. ‘अद्ययावत’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वकिलांच्या दप्तरात असलेली वादपत्राची प्रत बहुधा दावा दाखल करतानाची असते; वारसांची नावे दाखल झाल्यावरची दुरुस्ती त्या प्रतीत नसते. म्हणून अभिलेखातील दुरुस्त वादपत्र पाहूनच क्रमांक घ्यावेत. दाव्यात जो क्रमांक आहे तोच तडजोडपत्रात ठेवावा. तो विस्कळीत दिसत असला तरी सरळ करू नये.

दुसरी खबरदारी संक्षेपांची. आपल्याकडील कागदांत नावापुढे ‘पि.’ म्हणजे पिता आणि ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार अशी अक्षरे येतात. विवाहित बहिणीचे नाव सातबारावर पित्याच्या नावाने, तर वादपत्रात पतीच्या नावाने असू शकते. मसुद्यात ‘भ्र.’ च्या जागी ‘पि.’ पडले तर पतीचे नाव पित्याच्या स्थानी जाते, आणि फेरफाराच्या वेळी वारसाची ओळख पटविण्याचा प्रश्न उभा राहतो. अशा ठिकाणी दोन्ही वर्णने ‘ऊर्फ’ किंवा ‘पूर्वाश्रमीचे नाव’ असे लिहून एकत्र ठेवणे श्रेयस्कर.

अज्ञान पक्षकाराचे वर्णन याहून नाजूक आहे. आदेश ३२ नियम ७ प्रमाणे अज्ञानाच्या वतीने तडजोड करण्यास न्यायालयाची परवानगी लागते व ती कामकाजात स्पष्टपणे नोंदवावी लागते. परवानगीच्या अर्जासोबत, ही तडजोड अज्ञानाच्या हिताची आहे असे पालकाचे शपथपत्र आणि वकील असल्यास त्यांचे प्रमाणपत्रही द्यावे लागते. परवानगीविना झालेली तडजोड अज्ञानाखेरीज इतर सर्व पक्षांविरुद्ध रद्द होण्याजोगी असते. नमुना प्रकरणात ‘२-ब, अज्ञान, तर्फे पालनकर्ती आई २-अ’ हे शब्द गळाले, तर वरवर पाहता आईने स्वतःपुरतीच स्वाक्षरी केली असा अर्थ निघतो. उलट प्रकारही घडतो. दावा सात-आठ वर्षे चालला, मुलगा दरम्यान अठरा वर्षांचा झाला, आणि मसुद्यात मात्र जुन्या शीर्षकावरून ‘अज्ञान’ हा शब्द तसाच उतरला. आता स्वाक्षरी त्याने स्वतः करावयास हवी. आईची स्वाक्षरी पुरेशी नाही. म्हणून वाचकाने वयाचा आकडा न पाहता जन्मतारीख पाहावी आणि ती स्वाक्षरीच्या दिवसाशी ताडून घ्यावी.

अटींचे क्रमांक

दुसरा दोष अटींच्या परस्पर उल्लेखात आहे. मूळ मसुद्यात नऊ अटी होत्या. पहिलीत हिस्से मान्य केले होते; दुसरी, तिसरी व चौथी अनुक्रमे बहीण, थोरला भाऊ आणि धाकट्या भावाचे वारस यांच्या जमिनीविषयी होत्या. पाचवी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांची, सहावी ४ लाख रुपयांच्या हप्त्यांची. सातवीत ‘अट क्र. ६ प्रमाणे हप्ता मुदतीत न दिल्यास दरसाल दरशेकडा ९ व्याज आकारले जाईल व त्या रकमेचा बोजा अट क्र. ३ मधील जमिनीवर राहील’ असे होते. आठवी संस्थेच्या बोजाविषयी आणि नववी दाव्याच्या खर्चाविषयी होती.

शेवटच्या बैठकीत पाण्याच्या पाळ्यांचा मजकूर चौथ्या अटीत सामावला गेला आणि पाचवी अट काढून टाकण्यात आली. संगणकाने पुढील अटींना आपोआप नवे क्रमांक दिले : हप्त्यांची अट पाचवी झाली, थकबाकीची सहावी. परंतु वाक्याच्या पोटातील ‘अट क्र. ६’ हे शब्द साधा मजकूर म्हणून टंकलेले असल्याने बदलले नाहीत. आता सहावी अट म्हणते की ‘अट क्र. ६ प्रमाणे हप्ता न दिल्यास’. म्हणजे ती स्वतःकडेच बोट दाखविते.

याचा परिणाम काय होतो ते पाहू. थोरल्या भावाने दुसरा हप्ता दिला नाही आणि बहिणीने अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल केली. मूळ रक्कम पाचव्या अटीप्रमाणे वसूल होऊ शकते. व्याज आणि बोजा यांबाबत मात्र प्रतिपक्ष हरकत घेतो की, सहाव्या अटीत कोणताही हप्ताच नाही, तेव्हा ती अट लागूच होत नाही. अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयास हुकूमनाम्याचा अर्थ लावता येतो, पण त्याच्या मागे जाऊन त्यात नवे घालता येत नाही. एकूण मजकूर पाहून बहिणीच्या बाजूने अर्थ लागण्याचा संभव चांगला आहे. तरीही तो लागेपर्यंत युक्तिवाद, आदेश आणि त्यावरील आव्हान यांत काळ जातो, आणि बोजा संशयास्पद असेपर्यंत जमीन विकली जाण्याचा धोका राहतो. तडजोडीने संपलेला वाद एका अंकापायी पुन्हा सुरू होतो.

असा दोष शोधण्याची रीत सोपी आहे. तडजोडपत्राच्या समासात दोन रकाने आखावेत. एकात प्रत्येक परस्पर उल्लेख ज्या अटीत आहे तिचा क्रमांक, दुसऱ्यात तो ज्या अटीकडे जातो तिचा क्रमांक. नंतर प्रत्येक जोडी घेऊन ती अट प्रत्यक्ष उघडून वाचावी आणि वाक्य जोडून पाहावे : ‘हप्ता’ म्हटले आहे, तर तेथे हप्ता आहे काय? ‘जमीन’ म्हटले आहे, तर तेथे जमीन आहे काय? मसुद्यात एखादी अट काढली किंवा घातली गेली असल्यास तिच्या वरच्या अटींकडे जाणारे उल्लेख बरोबर राहतात आणि खालच्या अटींकडे जाणारे एकाने सरकतात. आपल्या नमुन्यात ‘अट क्र. ३’ हा उल्लेख म्हणूनच बरोबर राहिला. त्यामुळे अखेरच्या बैठकीत कोणती अट निघाली वा आली, हे वाचकाने आधी विचारून घ्यावे.

येथे मराठीपुरत्या दोन अडचणी नमूद करणे अगत्याचे आहे. पहिली ‘कलम’ या शब्दाची. कायद्याच्या पोटविभागासही आपण कलम म्हणतो आणि दस्तऐवजातील परिच्छेदासही. ‘कलम ७ नुसार’ असे लिहिल्यावर कोणते कलम, हा प्रश्न उरतो. म्हणून कायद्यासाठी ‘कलम’ आणि तडजोडपत्रासाठी ‘अट क्र.’ अशी विभागणी आरंभापासून पाळावी. दुसरी अडचण पोटक्रमांची. कोणी अ, ब, क, ड असा क्रम लावतो, तर कोणी अ, आ, इ, ई असा. एकाने आखलेल्या मसुद्यात दुसऱ्याने भर घातली की यादीत ‘३(आ)’ आणि उल्लेखात ‘३(ब)’ अशी जोडी तयार होते. शिवाय ‘प्र.क्र.’, ‘प्रतिवादी क्र.’ आणि ‘प्रति. नं.’ अशी तीन रूपे एकाच कागदात असली, तर संगणकावरील शोध एका रूपापुरताच चालतो व उरलेल्या दोन रूपांतील चुका तशाच राहतात.

आकडे आणि मिळकतीचे वर्णन

तिसरा दोष क्षेत्रात आहे. तिसऱ्या अटीत १ हेक्टर २१ आर ऐवजी १ हेक्टर १२ आर पडले. वाक्य वाचून ही चूक कळणार नाही; बेरीज करून मात्र लगेच कळते. ०.८१, १.१२ व १.२२ यांची बेरीज ३.१५ होते, तर सातबारावरील क्षेत्र ३.२४ आहे. फरक ९ आरचा, म्हणजे ९०० चौरस मीटरचा; जवळजवळ ९ गुंठे जमीन कोणाच्याच वाट्याला आलेली नाही. हिशेबनिसांना परिचित असलेली एक खूण येथे उपयोगी पडते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर येणारा फरक नेहमी ९ ने भागला जातो. अर्थात ही केवळ खूण आहे, पुरावा नव्हे. तसेच ‘एकूण क्षेत्र’ आणि पोटखराबा वजा जाता ‘लागवडीयोग्य क्षेत्र’ यांपैकी कोणत्या आकड्याशी बेरीज जुळवायची, हे सातबारा समोर ठेवूनच ठरवावे. जुनी खरेदीखते एकर-गुंठ्यांत असल्यास ४० गुंठे म्हणजे एक एकर आणि एक एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर, या प्रमाणाने रूपांतर स्वतंत्रपणे करून पाहावे.

चौथा दोष गटक्रमांकाचा आहे. दुसऱ्या अटीत गट क्रमांक ११९ बरोबर आहे, पण शेवटच्या मिळकत परिशिष्टात १११ पडला आहे. देवनागरी १ आणि ९ यांच्यातील साम्यामुळे हा दोष वारंवार संभवतो. झिजलेल्या छायाप्रतीत तर दोन्ही अंक सारखेच दिसतात. परिणाम मात्र साध्या टंकदोषाचा राहत नाही. गट १११ हा वादपत्रात नाही. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १७(२)(सहा) प्रमाणे न्यायालयाच्या हुकूमनाम्यास नोंदणीतून सूट आहे. परंतु तडजोडीवर आधारलेल्या हुकूमनाम्यात दाव्याच्या विषयाबाहेरील स्थावर मिळकत आली असेल तर ती सूट लागू होत नाही. भूपसिंग विरुद्ध रामसिंग मेजर या १९९५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, तडजोडीच्या हुकूमनाम्याने पूर्वीचा हक्क मान्य केला आहे की नवा हक्क निर्माण केला आहे, हे तपासण्याची गरज प्रतिपादन केली आहे. अशा रीतीने एका अंकाच्या फरकाने, ज्या कागदास नोंदणीची गरज नव्हती त्याच्यावर नोंदणीचा आक्षेप येऊ शकतो. शिवाय गट १११ हा बहुधा त्रयस्थाचा असल्यामुळे महसूल अधिकाऱ्यासमोर फेरफार अडतो, तो वेगळाच.

मिळकतीच्या वर्णनात स्थानिक माहितीही लागते. लातूर तालुक्यात मुरुड आहे, तसेच मुरुड अकोला हेही गाव आहे. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतही मुरुड नावाची गावे आहेत. ‘मौजे मुरुड’ एवढेच न लिहिता तालुका व जिल्हा पूर्ण लिहावा. ‘बु.’ आणि ‘खु.’ या संक्षेपांत एका अक्षराने गाव बदलते. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या खरेदीखतात याच जमिनीचा जिल्हा उस्मानाबाद असा लिहिलेला सापडेल, आणि त्या जिल्ह्याचे नावही २०२३ पासून धाराशिव झाले आहे. जुन्या खतावरून वर्णन उतरवून घेतले तर जिल्हा चुकतो. तीच गोष्ट जुन्या सर्व्हे क्रमांकाची. एकत्रीकरणानंतर आलेला गटक्रमांक आणि त्यापूर्वीचा सर्व्हे क्रमांक या एकाच गावातील दोन निराळ्या मालिका आहेत. ११९ हा आकडा दोहोंत असू शकतो व त्या दोन ठिकाणच्या जमिनी भिन्न असू शकतात.

वाचनाची पद्धत आणि तिची मर्यादा

वरील चारही दोष एका वाचनात सापडत नाहीत, कारण प्रत्येकाची तुलना निराळ्या कागदाशी करावयाची आहे. म्हणून तीन स्वतंत्र वाचने करावीत. पहिल्या वाचनात केवळ नावे व क्रमांक पाहून ते दुरुस्त वादपत्राशी ताडावेत. दुसऱ्यात केवळ परस्पर उल्लेख पाहावेत. तिसऱ्यात केवळ आकडे व तारखा पाहाव्यात. जमिनीचे आकडे सातबाराशी आणि हप्ते एकूण रकमेशी जुळवावेत. आपल्या नमुन्यात २,५०,००० व १,५०,००० मिळून ४,००,००० होतात. ३१ जूनसारखी अस्तित्वात नसलेली तारीखही याच वाचनात सापडते. आकड्यांचे वाचन दोघांनी करावे. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने मसुद्यावर बोट ठेवून पाहावे, आणि संख्या ‘एकशे एकोणीस’ अशी न वाचता ‘एक, एक, नऊ’ अशी अंकाअंकाने वाचावी. महत्त्वाची क्षेत्रे व रकमा अक्षरांतही लिहिल्यास तपासणीस दुसरा आधार मिळतो.

मुद्रितशोधकाने एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळली पाहिजे. दोष दिसला म्हणून तो स्वतः दुरुस्त करू नये. बेरीज ३.१५ येते हे खरे. पण उरलेले ९ आर सामाईक शेतरस्त्यासाठी हेतुतः सोडलेले असू शकतात. तसे असेल तर १२ चे २१ करणे म्हणजे रस्ता एकाच्या घशात घालणे होय. संमतीचा हुकूमनामा हा मुळात पक्षकारांचा करार असून न्यायालयाची मोहोर त्यावर उमटलेली असते. म्हणून शोधकाने समासात प्रश्न लिहावा आणि उत्तर पक्षकार व वकील यांच्याकडून घ्यावे. निःसंशय अक्षरदोष आणि अर्थ बदलू शकणारा दोष यांतील ही सीमारेषा कोठे आहे असा संभ्रम पडल्यास तो दोष दुसऱ्या प्रकारातलाच मानावा.

स्वाक्षऱ्या सुरू झाल्यावर आढळलेली चूक हाताने दुरुस्त करावयाची असल्यास जुना मजकूर वाचता येईल अशी एक रेघ मारून वर नवा मजकूर लिहावा, पांढरा रंग लावू नये, आणि प्रत्येक दुरुस्तीपाशी सर्व पक्षकारांची व वकिलांची लघुस्वाक्षरी घ्यावी. केवळ एक पान बदलून नवे घालणे धोक्याचे असते. नव्या पानावर दोन ओळी वाढल्या की शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते. पुढचे पान मात्र जुनेच, आधी सही झालेले असते. त्यामुळे एखादी ओळ दोनदा येते किंवा गळून जाते. पान बदलावेच लागल्यास सर्व पाने नव्याने छापून सर्व स्वाक्षऱ्या नव्याने घ्याव्यात. अंगठा उमटविणाऱ्या पक्षकारास अंतिम प्रतच वाचून दाखवावी. आधीच्या मसुद्याचे वाचन ग्राह्य धरू नये.

चूक राहून गेल्यास

आदेशानंतर लक्षात आलेल्या चुकीसाठी संहितेचे कलम १५२ आहे. न्यायनिर्णय, हुकूमनामा किंवा आदेश यांतील लेखनिक अथवा अंकगणिती चुका, तसेच अनवधानाने झालेली चूक किंवा वगळणूक, न्यायालयास केव्हाही, स्वतः होऊन किंवा अर्जावरून, दुरुस्त करता येते. तडजोडपत्र बरोबर असून हुकूमनामा उतरवून घेताना चूक झाली असेल तर हा मार्ग सरळ आहे. चूक तडजोडपत्रातच असेल तर अर्जदारास तो निव्वळ हस्तदोष होता हे अभिलेखावरूनच दाखवावे लागते. नमुन्यातील गट १११ बाबत वादपत्र, सातबारा आणि दुसरी अट हे तीनही आधार एकच क्रमांक देतात. म्हणून तेथे दुरुस्तीची आशा बळकट आहे. क्षेत्रातील १२ बाबत आधार फक्त बेरजेचा, आणि शेतरस्त्याचा युक्तिवाद झाला तर तोही डळमळतो.

या कलमाची मर्यादा मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या परस्परसंमतीच्या घटस्फोटाच्या एका प्रकरणात स्पष्ट झाली. मूळ हुकूमनाम्यात नसलेली सदनिकेबाबतची तरतूद नंतर कलम १५२ खाली त्यात घालण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती दुरुस्ती रद्द केली. न्यायालयास जे म्हणावयाचे होते ते लिहिताना चुकले असेल तर ते सुधारता येते. परंतु जे मुळात म्हटलेच नव्हते ते दुरुस्तीच्या नावाखाली घालता येत नाही, हे तत्त्व त्यातून मिळते.

येथे काळाचाही विचार करावा लागतो. सर्वसाधारण हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीस मुदत अधिनियम १९६३ प्रमाणे बारा वर्षांची मुदत आहे, आणि पुष्कळदा चूक लक्षात येते ती दरखास्तीच्या किंवा फेरफाराच्या वेळी. तोवर बैठकीस हजर असलेली वडीलधारी माणसे हयात नसतात, वकिलांकडील मसुदे गहाळ झालेले असतात, आणि चुकीचा लाभ ज्यास होतो त्याची स्मृती अंधुक झालेली असते. म्हणून प्रमाणित प्रत हाती पडताच स्वाक्षरी केलेल्या तडजोडपत्राशी ती त्याच आठवड्यात ताडून पाहावी.

समारोप

नमुना प्रकरणातील चार दोष दुरुस्त करण्यास स्वाक्षरीपूर्वी फार तर एक तास आणि चार कागद लागले असते : दुरुस्त वादपत्र, चालू सातबारा, अज्ञानाच्या जन्मतारखेचा दाखला आणि अखेरच्या बैठकीतील बदलांची टिपणे. प्रतिवादी २-अ व २-ब यांचे क्रमांक पहिल्या कागदावरून, गट ११९ आणि १ हेक्टर २१ आर हे दुसऱ्यावरून, स्वाक्षरी कोणी करावयाची हे तिसऱ्यावरून आणि ‘अट क्र. ५’ हा उल्लेख चौथ्यावरून निश्चित झाला असता. मसुदा पुनःपुन्हा वाचून यांपैकी एकही दोष सापडला नसता, कारण मसुदा स्वतःशी बहुतांशी सुसंगतच होता. तडजोडपत्राच्या मुद्रितशोधनात तुलना करावयाची असते ती कागदाबाहेरील वस्तुस्थितीशी, आणि शंका आल्यास निर्णय घ्यावयाचा असतो तो पक्षकारांनी. ही दोन पथ्ये पाळली गेली तर बहिणीला ठरलेले ८१ आर आणि ४ लाख रुपये मिळविण्यासाठी दुसरा दावा लावावा लागत नाही.